आजोबांचं घड्याळ नेमकं कधीचं? मशीन, डायल आणि डबीचे शिक्के

प्रश्न : आजोबा जी. आय. पी. रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या चांदीच्या घड्याळाच्या पाठीवर 'जी.आय.पी.आर.' आणि 412 असं कोरलंय. सोलापुरात पहिली गाडी आली तेव्हाचं हे घड्याळ, असं घरात सगळे म्हणतात. झाकणाच्या आत सिंह, नांगर आणि इंग्रजी 'ई' असे शिक्के दिसतात. मशीनवर 'ए.डब्ल्यू.डब्ल्यू. कंपनी, वॉल्थम' आहे. फोटो पाठवतोय. खरं काय? (रेल्वे लाइन्स, सोलापूर)

तुमचं घड्याळ 1904-05 चं आहे. सोलापुरात गाडी आली 1860 साली, म्हणजे घरच्या गोष्टीत आणि घड्याळात चांगलं चव्वेचाळीस वर्षांचं अंतर पडतंय. हे कसं ठरवलं ते सविस्तर सांगतो, कारण पुढच्या बहुतेक पत्रांची उत्तरंही याच वाटेने जातात.

सुरुवात मशीनपासून करायची. डबी बदलते, डायल बदलते, काटे तर सर्रास बदलतात. मशीन बदललं की मात्र ते घड्याळच दुसरं होतं. वॉल्थम ही अमेरिकेची कंपनी. मशीनच्या प्लेटवर ती नंबर कोरायची आणि या नंबरांचे तक्ते आज सहज मिळतात. तुमच्या फोटोत बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चाकाच्या, शेजारी 1 कोटी 31 लाखांच्या घरातला नंबर दिसतो. तक्त्यात तो 1904 च्या आसपास येतो. 'आसपास' मुद्दाम म्हणतोय, कारण हे नंबर गठ्ठ्यांनी दिले जात आणि एखाद्या गठ्ठ्यातली मशीनं दोन-तीन वर्षं रेंगाळून तयार होत. नावाची साक्षही जुळते. कंपनी 'अमेरिकन वॉल्थम' झाली 1885 मध्ये आणि 1907 च्या सुमारास नावातलं 'अमेरिकन' गेलं. 'ए.डब्ल्यू.डब्ल्यू.' ही अक्षरं त्या मधल्या काळातली.

आता डबी. नांगर म्हणजे सोन्या-चांदीचा कस तपासणारं बर्मिंगहॅमचं कार्यालय. चालता सिंह म्हणजे 925 कसाची चांदी. 'ई' हे वर्षाचं अक्षर. बर्मिंगहॅममध्ये ही अक्षरं पंचवीस वर्षांच्या फेऱ्यांनी चालत, त्यामुळे नुसता 'ई' बघून भागत नाही. 1879 चा 'ई' जुन्या गॉथिक वळणाचा आहे, 1904 चा साधा लहान 'ई' आणि 1929 चा मोठा. तुमचा साधा लहान आहे. तिथं अक्षर जुलैत बदलत असे, म्हणून हा शिक्का जुलै 1904 ते जून 1905 मधला धरायचा. सोबतची 'ए.एल.डी.' ही अक्षरं डेनिसन यांची. वॉल्थमच्या कारखान्याची सुरुवात करणाऱ्यांपैकी हेच गृहस्थ. पुढे त्यांनी बर्मिंगहॅमला डब्यांचा धंदा काढला. वॉल्थमचं मशीन आणि डेनिसनची डबी ही जोडी त्या काळी इतकी रूढ होती, की ती दिसली की मला निम्मा विश्वास तिथंच बसतो.

उरलेल्या निम्म्या विश्वासासाठी एक जागा बघावी लागते. मशीन डबीत धरून ठेवणारे दोन बारीक स्क्रू असतात. त्यांच्या डोक्याचा दाब आतल्या कडेवर पडून तिथं छोटी चंद्रकोरीसारखी खूण उमटते. स्क्रू आज जिथं आहेत तिथंच खुणा असतील तर मशीन आणि डबीचा जोडा जुना. भलतीकडे आणखी दोन खुणा दिसल्या की ओळखायचं, या डबीत आधी दुसरं मशीन नांदत होतं. तुमच्या तिसऱ्या फोटोत दोनच खुणा आहेत आणि त्या स्क्रूखालीच आहेत.

राहिलं पाठीवरचं कोरीव काम. 'जी.आय.पी.आर.' पाहून लोक 1860 वर उडी मारतात, पण ही रेल्वे त्या नावाने 1951 पर्यंत होती आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती मध्य रेल्वेत गेली. त्यामुळे कोरलेल्या अक्षरांवरून 1951 ही पलीकडची मर्यादा तेवढी मिळते, घड्याळाचं वय नाही. 412 हा बहुधा रेल्वेच्या नोंदवहीतला आकडा असेल. आजोबा 1920 नंतर नोकरीला लागले असतील, तर त्यांच्या आधी हे घड्याळ दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात होतं.

प्रश्न : झाकणाच्या आत 'ग्राँ प्री, पॅरिस 1900' असं कोरलंय. ओमेगाचं आहे. म्हणजे 1900 चंच ना? वर्ष लिहिलेलंच आहे की. (बार्शी)

ते वर्ष बक्षिसाचं आहे. पॅरिसच्या प्रदर्शनात कंपनीला मान मिळाला आणि तो पुढं कितीतरी वर्षं डब्यांवर मिरवला गेला. इतर कंपन्याही पदकांची वर्षं अशीच कोरत. त्यावरून इतकंच कळतं, की घड्याळ त्या वर्षाच्या आधीचं नाही.

तुम्ही मशीनवरचा नंबर दिलात ते बरं केलंत. ओमेगाने 1895 मध्ये दहा लाखांचा टप्पा गाठला, 1908 मध्ये तीस लाख, 1916 मध्ये पन्नास लाख आणि 1923 मध्ये साठ लाख. तुमचा नंबर 51 लाखांच्या घरात आहे, म्हणून मी 1916 ते 1918 म्हणेन. नंबर नेहमी मशीनवरचाच घ्या. डबीवरचा वेगळा असू शकतो आणि झाकणाच्या आत सुईने ओरखडलेले बारीक आकडे तर दुरुस्त्या करणाऱ्या घड्याळजींच्या खुणा असतात. एकाने मला '7-3-31' अशी खूण जन्मतारीख म्हणून दाखवली होती!

प्रश्न : चावीने चालणारं घड्याळ आहे, चावी हरवली. कंपनीचं नाव कुठंच नाही. आत 0.935 आणि तीन छोटे प्राणी कोरलेत, कुत्र्यासारखे. चावीचं म्हणजे दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचं असेल का? (पंढरपूर)

ते कुत्रे नव्हेत, अस्वलं आहेत आणि तीच तुमच्या कामाची. तीन अस्वलं आणि 0.935 हा चांदीचा कस, असा शिक्का स्वित्झर्लंडमध्ये इंग्लंडच्या बाजारासाठी सुरू झाला. ब्रिटिश कायद्याचे नियम कडक झाल्यावर, म्हणजे 1887-88 पासून, तो दिसतो आणि 1907 च्या सुमाराला थांबतो. म्हणजे तुमचं घड्याळ त्या वीस वर्षांतलं. चावीवरून वय काढायला जाऊ नका. वरचं बटण फिरवून चावी द्यायची सोय 1840 च्या दशकातच निघाली होती, पण स्वस्त घड्याळांत सुटी चावी विसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत चालू राहिली.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखी. 1 जून 1907 पासून ब्रिटनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रत्येक सोन्या-चांदीच्या डबीवर आयातीचा शिक्का मारणं सक्तीचं झालं. बर्मिंगहॅमचा त्रिकोण, चेस्टरचं ओकचं फळ आणि दोन पानं, असे ते शिक्के. इंग्रजी माहितीत तुम्हाला वाचायला मिळेल, की हा शिक्का नसेल तर घड्याळ 1907 च्या आधीचं. ते ब्रिटनमध्ये विकलेल्या घड्याळांना लागू आहे. स्वित्झर्लंडहून थेट मुंबई बंदरात उतरलेल्या मालाला तो शिक्का लागतच नव्हता. म्हणून आपल्याकडे शिक्का असला तर पुरावा, नसला तर काहीच सिद्ध होत नाही. तुमच्या बाबतीत अस्वलांवर भिस्त ठेवू.

चावी नवी मिळते, पण चौकोनाचं माप बघून घ्या. सैल चावीने आतला चौकोन घासून गोल होतो आणि मग ते दुरुस्त करणं महागात पडतं.

प्रश्न : दोन घड्याळं आहेत. एकाची डायल पांढरी, रोमन आकडे, त्यावर 'वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे'. दुसऱ्याचे साधे 1-2-3 आकडे, त्यावर पिवळट काहीतरी भरलंय, लहानपणी ते अंधारात चमकायचं. रोमनवालं जुनं असणार ना? (नवी पेठ, सोलापूर)

असेलही, पण रोमन आकड्यांवरून नाही. रोमन आकडे दुसऱ्या महायुद्धापर्यंत आरामात चालले. डायल हा सगळ्यात दुबळा साक्षीदार आहे. पडलं की तडकते, तडकली की घड्याळजी जुन्या मालातली दुसरी बसवतो. वेस्ट एंड हे विकणाऱ्या पेढीचं नाव, आतलं मशीन स्विस. ते उघडून बघितल्याशिवाय मी साल सांगणार नाही.

तरी डायलवरून काही गोष्टी कळतात. खाली 'स्विस मेड' असेल तर घड्याळ सहसा 1890 नंतरचं. पांढरी डायल एनॅमलची आहे का ते कडेला बघा. टवका उडालेल्या जागी तांबं दिसलं आणि पांढरा रंग काचेसारखा तुटलेला असला तर एनॅमल. एनॅमल पिवळं पडत नाही. छापलेली पत्र्याची डायल डागाळते, आणि ती बहुतेक वेळा नंतरच्या काळातली असते. मग सेकंदकाट्याची छोटी गोल जागा भिंगाखाली धरा. काट्याचा दांडा भोकाच्या बरोबर मध्यातून वर येतोय का? एका बाजूला टेकला असेल, किंवा डायल काढल्यावर मागचे तांब्याचे पाय कापून चिकटवलेले दिसले, तर ती डायल या मशीनची नाही.

चमकणारे आकडे पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला रूढ झाले. तो पिवळट थर रेडियमचा असण्याची दाट शक्यता आहे. चमक गेली म्हणून ते संपलं असं समजू नका. चमकणारं रसायन थकतं, रेडियम तसंच राहतं. नखाने खरवडू नका, काच काढून फुंकर मारू नका, आणि मुलांच्या हातात देऊ नका. रेडियमचा रंग नंतर भरलेलाही असू शकतो. त्यासाठी काटे बघा. रंग भरायला मधे पोकळी ठेवलेले काटे असतील तर ते मुळातच त्यासाठी केलेले. भरीव काट्यांवर वरून थापलेला रंग असेल तर काम नंतरचं.

प्रश्न : सोनेरी घड्याळाच्या आत अमेरिकन डबीवाल्याचं नाव आणि '20 इयर्स' असं आहे. सोनार म्हणतो सोनं आहे, विकून टाका. घड्याळ वीस वर्षं चालेल असा अर्थ का? (अक्कलकोट)

सोन्याचा पत्रा वीस वर्षं झिजणार नाही, अशी ती डबीवाल्याची हमी. मधे हलका धातू आणि दोन्ही बाजूंना सोन्याचा पातळ पत्रा, अशी ही डबी असते. वितळवून सोनं हाती लागेल ते नगण्यच, आणि घड्याळ मात्र कायमचं जाईल. अमेरिकेत वर्षांची हमी छापणं 1924 मध्ये बंद झालं, त्यामुळे तुमची डबी त्याआधीची. साल आणखी नेमकं हवं असेल तर मशीनवरचा नंबर लागेल. मागचं झाकण दाबून बसवलेलं असतं. बिजागरीच्या समोरच्या बाजूला कडेवर नखाएवढी खाच आहे, तिथं अंगठ्याचं नख घाला. स्क्रूड्रायव्हर नको. झाकणाच्या आत आणखी एक पातळ झाकण असेल, तेही तसंच उघडेल. फोटो खिडकीच्या उजेडात, थोडा तिरका धरून काढा. फ्लॅशने कोरलेले आकडे पुसट होतात. आणि सोनाराने पॉलिश करून देतो म्हटलं तरी डबी त्याच्याकडे देऊ नका. पॉलिशच्या चाकाखाली आधी शिक्के जातात.