जाहिरातीतली प्रत्येक अट वेगळी मोजायची म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागमधल्या मशीन शॉपसाठी अर्ज चाळायला एक छोटा प्रोग्राम लिहितोय. जाहिरात आणि बायोडेटा यांचं एम्बेडिंग काढून कोसाइन मोजतो, पण सगळ्यांचे आकडे जवळजवळ सारखेच येतात. अटीप्रमाणे तुकडे करा म्हणतात, ते कसे करायचे?

उत्तर:

अख्खा बायोडेटा एका व्हेक्टरमध्ये कोंबला की त्यात उरतो तो फक्त कागदाचा ढोबळ विषय. उद्यमबागला अर्ज करणारा प्रत्येक जण आयटीआय, मशीन, कास्टिंग, शिफ्ट हेच शब्द लिहिणार, मग आकडे वेगळे येणार कसे? शिवाय मॉडेलला लांबीची मर्यादा असते. `intfloat/multilingual-e5-base` 512 टोकनपर्यंतच वाचतं, पुढचं गुपचूप कापलं जातं. आपल्याकडच्या बायोडेटात 'भाषा ज्ञान' नेमकं शेवटी असतं, जन्मतारखेच्या आसपास.

समजा जाहिरात अशी आहे: "आयटीआय टर्नर किंवा मशिनिस्ट. फानुक कंट्रोलच्या व्हीएमसीवर किमान 3 वर्षं अनुभव. ड्रॉइंग वाचता आणि बोअर गेजने माप घेता आलं पाहिजे. कन्नड बोलता येणं आवश्यक. प्रोग्रामिंग येत असल्यास प्राधान्य. पीएफ, ईएसआय, कँटीनची सोय."

शेवटचं वाक्य आधी काढून टाका, ती अट नाही. मग 'आणि' दिसलं की तोडा, 'किंवा' दिसलं की तोडू नका. टर्नर आणि मशिनिस्ट वेगळे केलेत तर टर्नर झालेला पोरगा मशिनिस्टच्या अटीत विनाकारण नापास होईल. ड्रॉइंग आणि बोअर गेज मात्र दोन अटी आहेत, कारण एक येतं आणि दुसरं येत नाही अशी माणसं भरपूर असतात. प्रत्येक अटीला 'आवश्यक' की 'प्राधान्य' अशी खूण करा. '3 वर्षं' हा भाग अटीतून काढून बाजूला ठेवा, त्याकडे पुढे येतो.

बायोडेटाचे तुकडे करताना लोक जास्त घाई करतात. "ऑफसेट देऊन पहिला पीस पास करून घेणे" ही ओळ एकटी काढली तर ती कुठल्या मशीनवरची, कधीची, काही कळत नाही. म्हणून प्रत्येक ओळीच्या पुढे तिचं मथळ्याचं वाक्य जोडायचं: "व्हीएमसी ऑपरेटर, मशीन शॉप, जून 2021 ते मे 2023: ऑफसेट देऊन पहिला पीस पास करून घेणे." तुकडा एकटा वाचला तरी पूर्ण कळला पाहिजे, एवढीच कसोटी. पीडीएफमध्ये तक्ता असेल तर तारखांचा रकाना भलतीकडे जाऊन पडतो, त्यामुळे तुकडे करण्याआधी काढलेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घाला.

पुढचं काम लहान आहे:

```python
from sentence_transformers import SentenceTransformer, util

m = SentenceTransformer("intfloat/multilingual-e5-base")
A = m.encode(["query: " + a for a in ati])
T = m.encode(["passage: " + t for t in tukade])
S = util.cos_sim(A, T)
best, kuthe = S.max(dim=1)
```

`S` मध्ये प्रत्येक अटीची एक ओळ आणि प्रत्येक तुकड्याचा एक स्तंभ असतो. ओळीतला सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा, सरासरी नाही. बोअर गेजचा पुरावा एकाच ओळीत असला तरी पुरे, बाकीच्या ओळी त्याबद्दल गप्प आहेत म्हणून गुण कापायचं कारण नाही. `kuthe` जपून ठेवा. आकड्याशेजारी ती ओळ छापली की मॉडेलने कशाच्या जोरावर गुण दिले ते लगेच दिसतं.

आता अटींचे आकडे एकत्र कसे करायचे? हिशेबाला सोपे जावेत म्हणून दोन काल्पनिक उमेदवार घेऊ. आयटीआय, व्हीएमसी, ड्रॉइंग, गेज, कन्नड या क्रमाने पहिल्याचे 0.90, 0.89, 0.88, 0.79, 0.88 आणि दुसऱ्याचे 0.86, 0.86, 0.86, 0.88, 0.87. सरासरी 0.868 आणि 0.866, म्हणजे पहिला पुढे. पण गेजसाठी तुमची पास होण्याची रेषा 0.83 असेल तर पहिल्याला गेजचं काम येतं याचा पुरावाच नाही. सरासरी काढली की तुकडे करून मिळवलेलं सगळं परत गमावलं. आवश्यक अटी एकेक करून रेषेच्या वर आहेत का ते बघा. त्यातून पार झालेल्यांचा क्रम लावायला प्राधान्याच्या अटी वापरा.

ती रेषा मनाने ठरवू नका. या मॉडेलचे आकडे मुळातच 0.7 ते 1.0 मध्ये दाटीने बसतात, तेव्हा 0.78 म्हणजे 78 टक्के जुळणी असं अजिबात नाही. एखादी अट पुरी न करणारे बायोडेटा स्वतः वाचून वेगळे काढा, त्या अटीवर त्यांचा सगळ्यात मोठा आकडा किती जातो ते बघा आणि रेषा त्याच्या वर ओढा. प्रत्येक अटीची रेषा वेगळी येईल.

आपल्या भागातली खरी गोम कन्नडच्या अटीत आहे. "भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी" ही ओळ "कन्नड बोलता येणं आवश्यक" या अटीशी चांगलीच जुळते, कारण दोन्हींचा विषय भाषा. "कन्नड समजते पण बोलता येत नाही" ही तर आणखी जवळ जाते, नकार या मोजमापाला फारसा कळत नाही. फानुक मागितलं आणि सीमेन्स लिहिलं असेल तरी तेच होतं. अशा ठिकाणी एम्बेडिंगने फक्त योग्य ओळ शोधून आणायची, निकाल साध्या नियमाने द्यायचा: त्या ओळीत 'कन्नड' हा शब्द देवनागरी, कन्नड किंवा रोमन लिपीत आहे का, आणि पुढे नकार आहे का. वर्षांचंही तसंच. '3 वर्षं' आणि '1 वर्ष' ही वाक्यं मॉडेलला जवळजवळ सारखी वाटतात, म्हणून व्हीएमसीच्या तुकड्यांतल्या तारखा काढून महिन्यांची बेरीज करा. एकावर एक येणारे महिने दोनदा धरू नका.

एखाद्याच्या सगळ्याच अटींचे आकडे खाली आले तर उमेदवाराला दोष देण्याआधी जुळलेली ओळ उघडून बघा. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेला बायोडेटा असेल तर तिथे रोमन अक्षरांचा कचरा दिसेल. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

आणि निकालात 'आहे' आणि 'नाही' यांच्यासोबत 'लिहिलेलं नाही' असा तिसरा खाना ठेवा. खानापूरकडची कितीतरी पोरं कन्नड सहज बोलतात, पण ते बायोडेटात लिहायची गोष्ट आहे असं त्यांना वाटतच नाही. त्या खान्यात फक्त एखादीच आवश्यक अट पडली असेल तर अर्ज बाद करू नका, एक फोन करा आणि फोनवर कन्नडमधूनच सुरुवात करा.