बाबांच्या नाकातून रक्त आलं तर

ताई, बाबांना आडवं करू नका, मान मागे टाकायला लावू नका. रक्त घशात उतरून उलटी होते. बसवून किंचित पुढे वाकवा, तोंडाने श्वास घेऊ द्या. नाकाचं हाड नव्हे, खालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा. घड्याळ लावून सलग 15 मिनिटं. मध्येच ‘थांबलं का’ बघायला चिमूट सोडणं, ही नवख्यांची नेहमीची चूक. (कांदा हुंगवणारे शेजारी येतीलच.) तोंडात आलेलं रक्त थुंकू द्या.

अर्ध्या तासात थांबलं नाही, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असून वाहतंच आहे, तर थेट रुग्णालय. गोळी मनाने बंद करू नका.

साठीनंतर पुन्हापुन्हा, विशेषतः एकाच नाकपुडीतून येत असेल, ती चोंदतही असेल, तर ‘उष्णता’ म्हणून सोडू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. क्वचित आत गाठ निघते.