बारा आणे आत, चार आणे हातात

“मॅडम, महिन्याचा पगार आम्ही अगदी जपून वापरतो. पण दिवाळीचा बोनस, टॅक्सचा रिफंड, मुंजीतला आहेर, असं काही आलं की पंधरा दिवसांत संपतं आणि कुठे गेलं तेही आठवत नाही. आम्ही उधळे आहोत का?”

उधळे नाही. उधळ्या माणसाचा पगारही दहा तारखेला संपलेला असतो. हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती बहुतेक काटकसरी घरं असतात, आणि इतक्या वर्षांत मी तो इतक्यांदा ऐकला आहे की एका जोडप्याची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

नाशिकच्या सातपूरचं हे जोडपं. तो कारखान्यात सुपरवायझर, ती घरी शिकवण्या घेते. पैशांवरून भांडण विकोपाला गेलं म्हणून आले होते. ती संध्याकाळी उशिरा भाजी आणायला जायची, कारण तेव्हा मेथीची जुडी पाच रुपयांनी उतरते. आणि याच घरात त्या वर्षी ऑगस्टमध्ये ३१,२०० रुपयांचा रिफंड आला तेव्हा आठवड्याच्या आत नवा सोफा आला. क्रेडिट कार्डावर तेव्हा ४२,००० रुपये थकलेले होते.

मी त्याला विचारलं, “सोफा घ्यायचं कसं ठरलं?”

“रिफंड लागला ना, मॅडम. वरचे पैसे होते.”

लॉटरी लागते, तसा रिफंड लागला. मी तो शब्द वहीत लिहून ठेवला. पुढच्या चार भेटी आम्ही त्या एका शब्दावरच घालवल्या म्हटलं तरी चालेल.

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये यावर लिहिलं, आणि २०१७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस मनात पैशांचे वेगवेगळे डबे ठेवतो आणि रुपया कुठून आला यावर तो कसा खर्चायचा हे ठरवतो. आपल्या आज्या डाळीच्या डब्यात नोटा ठेवायच्या ते हेच. म्हणून ही सवय मोडा, असं मी कधीच सांगत नाही. डबा मोडू नये, त्यावरची चिठ्ठी बदलावी, ही माझी पद्धत आहे आणि तिच्यावर माझा विश्वास आहे.

चिठ्ठीत किती ताकद असते ते एका प्रयोगात छान दिसलं. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना ५० डॉलर देण्यात आले. काहींना सांगितलं की हा बोनस आहे, काहींना सांगितलं की तुमच्याच शुल्कातली ही परत आहे. रक्कम तीच, तरी आठवड्याने विचारलं तेव्हा ‘बोनस’ ऐकलेल्यांनी जास्त खर्च केलेला होता. आपल्याकडे मात्र ‘परत’ या अर्थाचा ‘रिफंड’ हा शब्दच बक्षिसाच्या डब्यात जाऊन पडला आहे.

तिसऱ्या भेटीला मी त्याला पगाराच्या स्लिपा आणायला सांगितलं. रिफंड का आला हे त्यालाच ठाऊक नव्हतं. तो जुन्या करपद्धतीत होता. घरभाड्याच्या पावत्या आणि पीपीएफची नोंद त्याने कंपनीत दिलीच नव्हती. जानेवारीत अकाउंट्सवाले मागतात, हा विसरतो. त्यामुळे दीड लाखाची सूट कंपनीने धरली नाही. त्याच्या टप्प्याला सेससह २०.८ टक्के कर, म्हणजे ३१,२०० रुपये पगारातून जादा कापले गेले. जुलैत रिटर्न भरताना सूट मागितली, ऑगस्टमध्ये तेवढेच परत आले.

मी कागदावर ३१,२०० ला बाराने भागलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. २,६००.

“दर महिन्याला यांच्या पगारातून इतके कापले जात होते,” मी म्हटलं.

ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, “गेल्या वर्षी मुलाचा गणिताचा क्लास बंद केला आपण. फी अडीच हजार होती.”

तो काही बोलला नाही. मीही नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, हे मला शिकायला बरीच वर्षं लागली. शेवटी तोच हळूच म्हणाला, “म्हणजे सोफा पगारातूनच घेतला की.”

इथे गाठ सुटली. त्या दिवसानंतर त्या घरात ‘लागला’ हा शब्द मी ऐकला नाही. ‘उशिरा आलेला पगार’ असं तीच म्हणू लागली, आणि हे नाव मी सुचवलेलं नव्हतं. आपण सुचवलेल्या नावापेक्षा माणसाने स्वतः ठेवलेलं नाव जास्त टिकतं.

आहेराचं कोडं वेगळं होतं. मुलाच्या मुंजीत पाकिटांचे ४६,००० जमले होते आणि उन्हाळ्यातच गोव्याच्या सहलीत संपले. “ते तर भेट म्हणूनच मिळाले होते,” तो म्हणाला. मी विचारलं, “आहेराची वही आहे का घरात?” अर्थातच होती, सासूबाईंकडे. कुणी पाचशे दिले, कुणी हजार, सगळं नीट लिहिलेलं. मी म्हटलं, “ही वही कशासाठी लिहितात?” तिने लगेच उत्तर दिलं, “त्यांच्याकडे कार्य निघालं की तेवढं तरी द्यावं लागतं.”

हे मला स्वतःलाही त्या क्षणी लख्ख दिसलं. ज्या पैशाची वही ठेवावी लागते तो फुकट कसा? आपल्या आधीच्या पिढीने आहेराला कधीच वरचा पैसा मानलं नव्हतं. ते समाजाचं फिरतं देणं होतं आणि ते लिहून ठेवलं जायचं. आपण पाकिटं फोडतो आणि वही आत ठेवून देतो. मग पुढच्या लग्नसराईत तीच पाकिटं परत करायला किराण्याच्या पैशांना हात घालतो. या घरातही मे महिना दर वर्षी असाच तंगीत जायचा.

त्यानंतर आम्ही नियम ठरवला. पगाराबाहेरचा कुठलाही पैसा आला की रुपयातले बारा आणे बचतीत आणि चार आणे मोकळेपणी खर्चायला. बारा आणे आले त्याच दिवशी हलवायचे, उद्यावर टाकायचं नाही. सगळाच पैसा बचतीत टाका, असं मी मुद्दाम सांगत नाही. तसं सांगितलेली घरं एक सण कसाबसा पाळतात आणि दुसऱ्या सणाला सगळंच मोडतात. चार आण्यांचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही, हीसुद्धा नियमातलीच अट.

बारा आणे कुठे जातील हे मात्र पैसा यायच्या आधी ठरलेलं हवं. कार्डाची थकबाकी असेल तर पहिला हक्क तिचा. त्यांच्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागत होतं, म्हणजे ४२,००० वर १,४७० रुपये आणि त्यावर जीएसटी. सोफ्याच्या आनंदात हे दर महिन्याला जात होतं. इतकं व्याज देणारी कुठलीही ठेव नाही, म्हणून कार्ड फिटेपर्यंत तेच बचत समजायचं. त्यानंतर तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी गंगाजळी, मग बाकीचं. आहेराचे बारा आणे ‘लग्नसराई’ नावाच्या वेगळ्या ठेवीत, वही शेजारी ठेवून.

मोह आडवा येऊ नये यासाठी एक छोटी सोय केली. तिच्या नावावर दुसऱ्या बँकेत एक बचत खातं होतं, एटीएम कार्ड नसलेलं. त्यात नवऱ्याचं नाव जोडून घेतलं. रिफंड कुठल्या खात्यात यावा हे आयकराच्या पोर्टलवर आपल्याला ठरवता येतं: खातं पॅनशी जोडलेलं आणि तिथे पडताळलेलं असावं लागतं, मग त्यासमोर ‘Nominate for Refund’ निवडायचं. पगाराच्या खात्याऐवजी त्याने हे खातं निवडलं. पगाराच्या खात्यात पडलेला रिफंड दोन दिवसांत पगारात मिसळतो आणि मग बारा आणे वेगळे काढायचे राहूनच जातात.

एक गोष्ट पहिल्याच वर्षी चुकली. रिटर्न भरल्यावर पोर्टलवर रिफंडचा आकडा दिसला आणि त्याने त्या भरवशावर मोबाइलचा हप्ता सुरू केला. रिफंड आल्यावर त्यातून मुलाची सायकल कबूल केली. शिवाय मनात तो दिवाळीसाठीही राखून ठेवला होता. एकच रक्कम तीनदा खर्च झाली. हे मी फार घरांत पाहते, आणि ओळखायची खूण सोपी आहे: “रिफंड आला की” या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं घरात वाढतात. त्यावर आम्ही एवढंच ठरवलं, की पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज येईपर्यंत त्यांच्यावर कुणाला काही कबूल करायचं नाही.

त्या वर्षीही त्याने पावत्या वेळेत दिल्या नव्हत्या, त्यामुळे रिफंड तेवढाच आला. यावेळी बारा आणे, म्हणजे २३,४०० रुपये, त्याच दिवशी कार्डावर गेले. उरलेल्या ७,८०० मधून सायकल आली. दिवाळीत २२,००० चा बोनस आला, त्यातले १६,५०० कार्डावर. उरले २,१००. भाऊबीजेला तिला भावांकडून २,८०० मिळाले. ओवाळणी बाईची स्वतःची, तिला घराच्या नियमात ओढायचं नाही, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. तिने आपणहून त्यातले बारा आणे काढले. मोजले तर बरोबर २,१०० भरले. तिने रात्री साडेदहाला मला फोन केला. मी सहसा इतक्या उशिरा फोन घेत नाही, त्या दिवशी घेतला.

पुढच्या जानेवारीत त्याने पावत्या वेळेवर दिल्या, कर बरोबर कापला गेला आणि रिफंड जवळजवळ नाहीसा झाला. मला वाटलं, काम संपलं. पण मे महिन्यात दोघं पुन्हा आले. पगार वाढून येत होता आणि ते २,६०० महिन्याच्या खर्चात विरून जात होते. हे मी आधीच ओळखायला हवं होतं. जादा कापलेला कर सरकारकडे अडकून राहतो हे खरं, पण त्याच्या घरात तीच एक सक्तीची बचत होती. ती काढली तर तिच्या जागी दुसरं काही लावलंच पाहिजे. त्याच आठवड्यात त्यांनी २,६०० ची आवर्ती ठेव उघडली, पगार झाल्यावर पाच तारखेला आपोआप कापली जाणारी. मुदत बारा महिन्यांची. पासबुकावर तिने पेन्सिलीने लिहिलं आहे: गणिताचा क्लास.