दूध संकलनाच्या अ‍ॅपमध्ये एकच नोंद दोनदा का होते?

आष्टी तालुक्यातील दूध संकलन केंद्रांसाठी अ‍ॅप करतो आहे. नेटवर्क गेले की केंद्रचालक पुन्हा ‘जतन करा’ दाबतात आणि नोंद दोनदा होते. टाइमआउट वाढवू का?

त्याने हे थांबणार नाही, कारण अशा वेळी नोंद सर्व्हरपर्यंत पोहोचलेली असते, फक्त परतीचे उत्तर वाटेत हरवते. फोनला मात्र नोंद हरवणे आणि उत्तर हरवणे सारखेच दिसते. म्हणून बटण दाबताच नोंद आधी फोनमध्ये साठवावी, तिथेच तिला यूयूआयडी हा एकमेव ओळख-क्रमांक द्यावा आणि प्रत्येक पुनर्प्रयत्नात तोच पाठवावा. सर्व्हरवरील यूयूआयडीच्या रकान्याला युनिक बंधन असले, की दुसऱ्यांदा आलेली नोंद नव्याने न घालता पहिलेच उत्तर परत देता येते.

टाइमआउट 15 ते 20 सेकंद पुरेसा आहे. पुनर्प्रयत्न 2, 4, 8 सेकंदांनी करावेत आणि त्या अंतरात थोडा यादृच्छिक फरक ठेवावा, अन्यथा टॉवर सुरू होताच सगळी केंद्रे एकदमच सर्व्हरवर धडकतात. सर्व्हरने माहिती चुकीची म्हणून 400 हा कोड परत पाठवला, तर मात्र पुनर्प्रयत्न व्यर्थ आहे.

पडद्यावर फिरते चक्र किंवा ‘अयशस्वी’ असा शेरा नको (तो वाचूनच चालक पुन्हा बटण दाबतात). ‘फोनमध्ये जतन झाले, पाठवणे बाकी’ असे लिहावे आणि ‘पोहोचले’ हा शब्द सर्व्हरचे उत्तर आल्यावरच दाखवावा.