आधी रात्र बघा, मग चिडचिड

प्रश्न : "आई ४७ वर्षांची आहे. पाळी दोन-दोन महिने येत नाही. रात्री तीनला उठून ओट्यावर बसते, दिवसा बारीकशा गोष्टीवरून बाबांवर, आजीवर ओरडते आणि नंतर स्वतःच रडते. आम्ही घरच्यांनी काय करायचं? (ता. अमळनेर)"

मी बावीस वर्षं बायकांच्या वॉर्डात सिस्टर होते आणि हे सगळं माझ्याही अंगावरून गेलं आहे. तुमच्या आईचा स्वभाव बदललेला नाही, तिची झोप तुटते आहे. हे घरात सगळ्यांनी आधी समजून घ्या.

पाळी जाण्याच्या या वयात इस्ट्रोजेन हे हार्मोन कधी चढतं, कधी उतरतं. त्यामुळे अंगाची उष्णता सांभाळणारं मेंदूतलं केंद्र फार हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी ते घाम फोडतं. छातीतून वाफ निघून मानेपर्यंत येते, ब्लाउज ओला होतो, जाग येते. मग त्याच घामाने अंग गार पडतं आणि थंडी वाजते. म्हणून ती चादर फेकते आणि पाच मिनिटांत परत ओढून घेते. शिवाय हार्मोनच्या या चढउताराने मनही आपोआप हळवं होतं, त्यात तुटलेल्या झोपेची भर पडते.

मी ४८ची असताना आमच्याकडे भांडण कूलरवरून व्हायचं. मे महिना, मला हवा हवी आणि सासूबाईंचे गुडघे आखडायचे. त्या विचारायच्या, "काय व्हयनं वं तुले?" आणि मला रडू यायचं. शेवटी मुलीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज दोन गोष्टी लिहायला घेतल्या: रात्री किती वेळा जाग आली आणि दिवसा भांडण झालं का. तीन आठवड्यांनी माझ्या नवऱ्याने ते पान नीट वाचलं. ज्या रात्री तीन-चार वेळा उठले होते, जवळजवळ त्याच दिवशी भांडण झालं होतं. त्यानंतर "तू उगाच चिडतेस" हे वाक्य घरात कोणी बोललं नाही.

तुम्हीही तेच पान सुरू करा. आईला सांगून करा, लपून नाही.

आमच्या घरी मग पुढचे बदल झाले. माझी खाट कूलरसमोर आली, सासूबाई आतल्या खोलीत गेल्या. जाड गोधडीऐवजी दोन पातळ सुती चादरी आणि उशाशी कोरडा गाऊन ठेवला, म्हणजे अंधारात कपाट उघडावं लागत नाही. दुपारी तीननंतर चहा बंद केला. काळ्या मसाल्याची झणझणीत भाजी रात्रीऐवजी दुपारी व्हायला लागली, कारण तिखटाने काहींना वाफा जास्त येतात. जाग आली की अंथरुणात तळमळत पडायचं नाही. ओट्यावर बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. म्हणजे तुमची आई करते ते बरोबरच आहे, तिला "आत ये" म्हणून हाका मारू नका. पण सकाळी रोज ठरलेल्या वेळी उठायचं आणि दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर नको. पहाटे पाणी भरणं आणि डबे मात्र दुसऱ्या कोणीतरी घ्यायला हवेत. माझ्या नवऱ्याने पाणी घेतलं, आणि सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

ती ओरडत असताना "पाळी जातेय म्हणून बोलतेस" असं कधीही म्हणू नका. तिची तक्रार खरी असू शकते, या शब्दांनी ती खोटी ठरते. तेव्हा गप्प राहा आणि संध्याकाळी तीच गोष्ट शांतपणे विचारा.

एवढ्यावर थांबू नका, तपासणी करा. मला अंगावरून फार जायचं, आणि मी सिस्टर असूनही स्वतःचं हिमोग्लोबिन बघितलं नव्हतं. ते ८.६ निघालं, बाईला १२ तरी हवं. निम्मा थकवा तिथला होता, लोहाच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागल्या. थायरॉईडही तपासून घ्या, त्यानेसुद्धा असाच घाम आणि चिडचिड होते. वाफा फारच असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञ हार्मोनच्या गोळ्या देतात आणि त्यांचा चांगला उपयोग होतो. मात्र स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर त्या चालत नाहीत, अशा बायकांसाठी वेगळी औषधं असतात. मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी आणून देऊ नका.

पाळी बारा महिने पूर्ण थांबल्यावर पुन्हा रक्त गेलं, थेंबभर का असेना, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या. आणि झोप लागलेल्या दिवशीही ती उदास राहत असेल, दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर ते नुसतं पाळीचं नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. "मी नसते तर बरं" असं बोलली तर तिला एकटी सोडू नका आणि लगेच १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन लावा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

कॅलेंडरचं पान भरलं की डॉक्टरकडे जाताना ते सोबत न्या. बाबांनाही बरोबर घ्या, आत बोलायला.