वायफाय फुल दिसतं, पण नेट मध्येच एकाच लॅपटॉपवर बंद पडतं

प्रश्न: घरात वायफायवर आठ-दहा डिव्हाइस आहेत. फक्त माझ्या लॅपटॉपचं नेट दिवसातून चार-पाच वेळा जातं, बाकी सगळे चालू. राउटर बंद-चालू केला की तेवढ्यापुरतं बरं. लाइन तपासली, ठीक आहे म्हणतात. काय असेल?

उत्तर: लाइनीत दोष असता तर सगळ्यांचंच नेट गेलं असतं. एकच डिव्हाइस गचके खातंय म्हणजे त्याचा आयपी पत्ता आणखी कुणाकडे तरी आहे का, हे मी आधी बघेन.

राजारामपुरीत आमच्या घरी हेच झालं होतं. कॅमेरे बसवणाऱ्यानं डीव्हीआरला 192.168.1.10 हा पत्ता हातानं घालून दिला होता. राउटर मात्र .2 पासून .254 पर्यंत कुठलाही पत्ता वाटत होता. वळवाच्या पावसात लाइट गेली. राउटर आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालू, डीव्हीआर बंद. राउटरला .10 मोकळा दिसला, त्यानं तो लॅपटॉपला दिला. लाइट आल्यावर डीव्हीआर उठला आणि कुणाला न विचारता तोच पत्ता घेऊन बसला. आता राउटरनं ".10 कोण?" विचारलं की दोघंही "मी" म्हणणार. ज्याचं उत्तर राउटरच्या लक्षात राहील त्याच्याकडे डेटा जाणार. डीव्हीआरचं राहिलं की लॅपटॉप कोरडा. म्हणून हे वेळकाळ न पाळता घडतं.

खात्री करायला लॅपटॉपवर `ipconfig /all` चालवून वायफायखालचे IPv4 Address आणि Physical Address लिहून ठेवा. मग लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि घरातल्या दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरवर हे चालवा (192.168.1.10 च्या जागी तुमचा पूर्ण पत्ता):

```
ping 192.168.1.10
arp -a
```

लॅपटॉप बंद असूनही त्या पत्त्यासमोर वेगळाच Physical Address दिसला, तर चोर सापडला. पिंगला उत्तर आलं नाही तरी arp ची यादी बघाच, काही डिव्हाइस पिंगला दाद देत नाहीत. तो कुणाचा, हे कळायला डीव्हीआर, प्रिंटर अशा वस्तूंच्या नेटवर्क सेटिंगमधला मॅक, म्हणजेच Physical Address, जुळवून बघा.

उपाय राउटरमध्येच आहे. DHCP Server च्या पानावर वाटपाची हद्द 192.168.1.100 ते 192.168.1.200 करा (तुमच्या राउटरचे पहिले तीन आकडे वेगळे असतील तर तेच ठेवा). हातानं घातलेले पत्ते 100 च्या खाली राहू द्या, फक्त राउटरचा स्वतःचा पत्ता कुणाला देऊ नका. कॅमेरेवाल्याला परत बोलवायची गरज नाही. हद्द बदलली तरी लॅपटॉप जुना पत्ता लगेच सोडत नाही, म्हणून राउटर आणि लॅपटॉप दोन्ही रिस्टार्ट करा आणि नवा पत्ता 100 ते 200 मधला आलाय ना, ते बघा. लॅपटॉपलाच कधीतरी कुणी हातानं पत्ता घालून दिला असेल, तर तिथं आधी Automatic (DHCP) निवडा, नाहीतर राउटरमध्ये केलेलं सगळं वाया जाईल.