स्लो स्टीमिंगमध्ये लायनर का झिजतात, आणि तरीही मोठ्या जहाजांना टू-स्ट्रोकच का

प्रश्न: «मी फोर्थ इंजिनिअर आहे, सध्या मुंबईत सुट्टीवर असून क्लास टूची तयारी करतो आहे. मागच्या जहाजावर 60 सेंमी बोअरचे सहा सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन होते, स्क्रबर असल्यामुळे इंधन जास्त गंधकाचे, आणि बहुतेक काळ आम्ही कमी वेगाने चाललो. लायनर भराभर झिजले. ऑफिसचे म्हणणे, सिलिंडर ऑईल जास्त जाळता, ते कमी करा. एवढी कटकट असताना मोठ्या जहाजांना फोर-स्ट्रोक का लावत नाहीत?»

तुमच्या ऑफिसचे वाक्य आणि माझ्या जुन्या कंपनीच्या मुंबईतल्या कार्यालयाचे वाक्य जवळजवळ शब्दशः एक आहे, म्हणून हे लांबलचक उत्तर लिहितो. आधी सांगून ठेवतो, की मी निवृत्त चीफ आहे, कोणत्याही निर्मात्याचा प्रतिनिधी नाही. खाली दिलेले आकडे हिशोब समजावा म्हणून आहेत, तुमच्या इंजिनासाठी त्याचे मॅन्युअल आणि निर्मात्याची सर्व्हिस लेटर्स हीच प्रमाण मानावीत. सायकल तुम्हाला येते असे गृहीत धरतो आणि थेट कारणांवर येतो, कारण ओरलमध्येही परीक्षक शेवटी कारणच विचारतात.

सुरुवात इंजिनापासून न करता प्रोपेलरपासून करा. जहाज पुढे ढकलण्यासाठी पाणी मागे फेकावे लागते. तेवढाच जोर थोडे पाणी फार वेगाने फेकून मिळतो आणि पुष्कळ पाणी सावकाश फेकूनही मिळतो, पण मागे गेलेल्या पाण्यातली वाया जाणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून मोठ्या व्यासाचा, हळू फिरणारा प्रोपेलर किफायतशीर ठरतो. खोल ड्राफ्टच्या मोठ्या जहाजाखाली नऊ-दहा मीटर व्यासाचा प्रोपेलर मावतो, आणि त्याला मिनिटाला शंभरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी फेरे हवे असतात. इंजिनच त्या गतीने फिरले, तर मध्ये गिअरबॉक्स लागत नाही, त्यातली हानी वाचते आणि बिघडणारी एक मोठी वस्तूही कमी होते. मागे जायचे असेल तर इंजिन थांबवून, साधारण 30 बार दाबाची हवा सोडून, उलटे सुरू करतात. रिव्हर्स गिअर नाही की क्लच नाही.

आता शंभर फेऱ्यांत पुरेशी ताकद कुठून आणायची? दोन गोष्टींतून. एक म्हणजे प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडरमध्ये एक पॉवर स्ट्रोक, जो फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांनी एकदा येतो. दुसरी म्हणजे लांब स्ट्रोक. तुमच्यासारख्या 60 सेंमी बोअरच्या इंजिनाचा स्ट्रोक 2.4 मीटर आणि पूर्ण गती 105 आरपीएम धरली, तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 8.4 मीटर येतो. उलट 46 सेंमी बोअर, 58 सेंमी स्ट्रोक आणि 500 आरपीएम अशा मध्यमगती फोर-स्ट्रोकमध्ये तो 9.7 मीटर येतो. म्हणजे «स्लो स्पीड» हे शाफ्टला लागू आहे, पिस्टन काही फारसा आळशी नाही. फरक वेळेचा आहे. एका फेऱ्याला इथे अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ मिळतो, तिथे त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतका. या सवडीत जड, चिकट इंधनही नीट जळते आणि तापलेला वायू लांबवर प्रसरण पावून काम देत राहतो. इंधनातल्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी शाफ्टवर मिळते ती यामुळेच. 2006 साली आलेल्या एमा मर्स्क या कंटेनर जहाजाचे 14 सिलिंडरचे, 96 सेंमी बोअरचे इंजिन 102 आरपीएमला 80,080 किलोवॅट देत असे. इतकी ताकद एकाच शाफ्टवर, गिअरशिवाय मिळवायची दुसरी सोयीची रीत त्या आकारात नव्हती.

टू-स्ट्रोक म्हटले की जुन्या स्कूटरचा धूर आठवतो, पण इथली हवा बदलण्याची पद्धत निराळी आहे. पिस्टन खाली येताना आधी वरचा एकमेव एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि दाब उतरतो. मग पिस्टन आणखी खाली जाऊन लायनरच्या तळाची स्कॅव्हेंज पोर्ट्स मोकळी करतो, आणि टर्बोचार्जरने दाबलेली हवा खालून गोल फिरत वर चढते व जळलेला वायू वरून बाहेर ढकलते. सगळा प्रवाह एकाच दिशेने असतो. इंधन नंतर, पोर्ट्स व व्हॉल्व्ह बंद होऊन हवा दाबली गेल्यावर फवारले जाते, त्यामुळे न जळलेले इंधन हवेबरोबर निसटून जात नाही. पिस्टनला स्वतः हवा ओढण्याचा स्ट्रोकच नसल्यामुळे कमी लोडवर टर्बोचार्जर मंदावला की विजेवरचे ऑक्झिलरी ब्लोअर लावावे लागतात.

आणि आता तुमच्या दुखण्याचे मूळ. इतका लांब स्ट्रोक असताना कनेक्टिंग रॉड थेट पिस्टनला जोडला, तर आडवा रेटा लायनरवर येईल. म्हणून मध्ये क्रॉसहेड असतो, तो रेटा गाइड्सवर घेतो, आणि पिस्टन रॉड स्टफिंग बॉक्समधून सरळ वर-खाली जातो. सिलिंडर आणि क्रँककेस यांच्यात पक्का पडदा पडल्यामुळे जळणाची घाण खालच्या तेलात उतरत नाही. त्याची किंमत अशी, की लायनरला वेगळे सिलिंडर ऑईल थेंबाथेंबाने द्यावे लागते. ते पुन्हा वापरले जात नाही. फोर-स्ट्रोकमध्ये संपचे तेल भिंतीवर उडत असते आणि फिरत राहते. इथे भिंतीवर येईल तेवढाच थर, आणि गंधकातून होणारे आम्ल मारण्याची क्षमता, म्हणजे बेस नंबर, तोही तेवढ्याच थरात.

माझ्या कार्यालयाने काय केले ते आता तुमच्या आकड्यांवर मांडतो. सहा सिलिंडर मिळून 105 आरपीएमला साधारण 13,500 किलोवॅट धरा. प्रोपेलरची मागणी फेऱ्यांच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून 74 आरपीएमला ती सुमारे 35 टक्के, म्हणजे 4,700 किलोवॅट उरते. आमचे जुने लुब्रिकेटर फेऱ्यांच्या प्रमाणात तेल देत. पूर्ण लोडवर किलोवॅट-तासाला 1 ग्रॅम, म्हणजे ताशी 13.5 किलो असेल, तर 74 आरपीएमला ते ताशी साडेनऊ किलो होई. आता साडेनऊला 4,700 ने भागा, किलोवॅट-तासाला 2 ग्रॅम येतात. इंजिनरूममध्ये कोणी काहीही न बदलता मासिक अहवालातला आकडा दुप्पट झाला, आणि कार्यालयाने त्याला उधळपट्टी म्हटले. हुकूम आला की 1 ग्रॅमवर आणा, म्हणजे ताशी पावणेपाच किलो.

त्यांचा हिशोब पूर्ण चुकीचा नव्हता, हे मान्य करायला हवे. प्रत्येक स्ट्रोकला इंधन निम्मे जात असेल तर गंधकही निम्मेच येते, आणि नव्या इलेक्ट्रॉनिक लुब्रिकेटरमध्ये तेल लोड व गंधक यांच्या प्रमाणातच देतात, फक्त फार कमी लोडला खालची मर्यादा ठेवून. कार्यालयाने सोडून दिली ती भिंत. लोड कमी झाला की लायनरचा वरचा भाग थंड होतो. तिथले तापमान आम्लाच्या दवबिंदूखाली गेले, की वायूरूपात निघून जाणारे गंधकाम्ल भिंतीवर ओले होऊन बसते. गंधक निम्मे आले तरी त्यातला भिंतीवर साचणारा वाटा वाढतो. त्याच भिंतीवर, तेवढ्याच क्षेत्रफळावर, आम्ही स्ट्रोकमागे तेलही निम्म्यावर आणले होते. याला कोल्ड कोरोजन म्हणतात, आणि आमच्या लायनरची झीज दर हजार तासांना 0.1 मिमीच्या आत असायची ती त्याच्या कित्येक पट निघाली.

मी स्कॅव्हेंज ड्रेनच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवू द्या म्हणून लिहिले, तर उत्तर आले की त्या खर्चाला बजेट नाही. लायनर बदलायला मात्र बजेट होते. शेवटी ओव्हरहॉलच्या अहवालात दोष जहाजावरच्या कर्मचाऱ्यांच्या देखभालीवर टाकला गेला आणि माझी बढती एक करारभर लांबली. त्या गृहस्थांनी एकदाही जहाजावर पाऊल ठेवले नव्हते, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या बाबतीत ते गंजणेच आहे की दुसरे काही, हे आधी ठरवा. दुसरा संशयित म्हणजे इंधनातले कॅट फाइन्स, अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनचे कठीण कण. ते घासतात आणि रिंग्ज व ग्रूव्हमध्ये रुतून बसतात. तेव्हा बंकरचा अहवाल, प्युरिफायरच्या आधीचे व नंतरचे नमुने पाहा. गंजण्यात झीज लायनरच्या वरच्या टोकाला एकवटते, आणि आत मोजमाप घेतल्यावर तेलाच्या क्विलसमोर कमी, दोन क्विलच्या मधोमध जास्त असा आकार उमटतो, कारण तिथवर पोहोचेपर्यंत तेलातला अल्कली संपलेला असतो. ड्रेनच्या तेलात लोखंड वाढलेले आणि उरलेला बेस नंबर 10 च्या खाली असेल, तर जास्त बेस नंबरच्या तेलाच्या बाबतीत मी ते आम्लाचेच लक्षण मानतो.

उपाय म्हणून आधी जॅकेट वॉटरचे बाहेर पडतानाचे तापमान निर्माता परवानगी देईल तितके, बहुधा 85 ते 90 अंशांपर्यंत, ठेवा म्हणजे भिंत गरम राहील. तेलाचे प्रमाण ड्रेनमधल्या लोखंडावरून आणि बेस नंबरवरून ठरवा, एका पायरीने बदला आणि पुन्हा नमुना घ्या. सरसकट वाढवू नका. जादा अल्कली न वापरता राहिली, तर पिस्टनच्या माथ्यावर कॅल्शियमचा टणक थर चढतो आणि तो लायनर घासून गुळगुळीत करतो, मग तेल टिकतच नाही. शिवाय जादा तेल स्कॅव्हेंज स्पेसमध्ये साचून पेट घेते ते वेगळेच. अधूनमधून काही तास लोड वाढवून चालवायला चार्टररची परवानगी मिळवा. आणि पावसाळ्यात न्हावा-शेव्यातून निघून पूर्ण लोडवर जाताना एअर कूलरचे ड्रेन उघडे व वाहते आहेत ना हे पाहायला विसरू नका. त्या दमट हवेतून तासाला शेकडो किलो पाणी निघते आणि मिस्ट कॅचर नीट नसेल तर ते भिंतीवरचे तेल धुऊन काढते.

फोर-स्ट्रोकबद्दल माझे मत असे, की जिथे इंजिनरूमची उंची कमी आहे, ड्राफ्ट उथळ आहे किंवा विजेचा भार प्रोपेलरइतकाच मोठा आहे, तिथे ते योग्यच आहे. क्रूझ जहाजे आणि रो-रो फेरी याचमुळे मध्यमगती इंजिने घेतात, आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोत तीन-चार मजली क्रॉसहेड इंजिन कुठे ठेवणार? पण तुमच्यासारख्या जहाजावर ते लावले, तर तुम्ही लायनरची झीज सोडवून गिअरबॉक्स, दुप्पट-तिप्पट सिलिंडर आणि तितकेच व्हॉल्व्ह घेऊन बसाल, आणि जड इंधनाची घाण थेट संपमध्ये येईल. ओरलमध्ये हाच प्रश्न आला तर ड्राफ्ट आणि प्रोपेलरच्या व्यासापासून सुरुवात करा. आणि कार्यालयाला पुढचे पत्र लिहिताना किलोवॅट-तासाच्या आकड्याबरोबर स्ट्रोकमागचे तेल, जॅकेटचे तापमान आणि ड्रेनचा अहवाल एकाच तक्त्यात जोडून, चीफच्या सहीने पाठवा.